बाळ कुठे झोपतं आणि घरात कोण ओढतं: गृहभेटीत न विचारले जाणारे दोन प्रश्न

प्रति,
माता-बाल आरोग्य कार्यक्रमाचे राज्य व जिल्हा अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी आणि आशांच्या गटप्रवर्तक ताई यांस

विषय: नवजात बाळाची झोपण्याची जागा आणि त्या खोलीतला धूर यांची गृहभेटीत पाहणी व्हावी.

महोदय, महोदया,

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही जातात. वजन होतं, तापमान पाहिलं जातं, नाळ कोरडी आहे का, बाळ दूध नीट ओढतंय का हे पाहिलं जातं. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने घालून दिलेल्या कामातून ही पद्धत देशभर गेली, आणि तिने बाळं वाचवली याबद्दल वाद नाही. आमचं म्हणणं बेचाळिसाव्या दिवसानंतरच्या काळाबद्दल आहे. त्यानंतरची ठरलेली गृहभेट थेट तिसऱ्या महिन्यात असते. झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका सर्वांत जास्त असतो तो दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात, आणि असे दहातले नऊ मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. म्हणजे जोखीम चढत असते नेमकं तेव्हा घरात आपलं कुणी जात नाही. या काळासाठी जे सांगायचं ते आधीच सांगून, दाखवून, करवून घेतलेलं असायला हवं.

या मृत्यूला वैद्यकात सिड्स म्हणतात. वर्षाच्या आतलं, वरवर ठणठणीत बाळ झोपेत जातं आणि शवविच्छेदन, जागेची पाहणी, आजाराचा पूर्वेतिहास हे सगळं तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हाच हे नाव द्यायचं. आपल्याकडे एवढ्या छोट्या बाळाचं शवविच्छेदन सहसा होत नाही, म्हणून हे नाव कागदावर क्वचितच येतं. घरचे म्हणतात 'दूध अडकलं', 'रात्री झोपलं ते उठलंच नाही', नाहीतर 'परवाच लस टोचली होती'. लसीवरचा आळ खोटा आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी आणि सिड्सचं वय एकच असल्यामुळे दोन गोष्टी शेजारी येतात, एवढंच. लस घेतलेल्या बाळांमध्ये असे मृत्यू वाढल्याचं कुठल्याही नीट केलेल्या अभ्यासात दिसलेलं नाही. यातले काही मृत्यू सिड्स असतील, काही पांघरुणात किंवा अंगाखाली गुदमरून झालेले असतील. दोन्हींची प्रतिबंधक काळजी एकच असल्याने इथे तो भेद ताणायचं कारण नाही.

हे घडतं कसं, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. झोपेत बाळाच्या नाकासमोर पांघरूण आलं किंवा तोंड गादीत दबलं की ते स्वतःनेच सोडलेली हवा पुन्हा आत घेऊ लागतं. कार्बन डायऑक्साइड वाढतो, प्राणवायू घटतो. निरोगी मेंदू अशा वेळी धोक्याची घंटा वाजवतो. बाळ चुळबुळतं, मान फिरवतं, रडतं, जागं होतं. ही घंटा मेंदूच्या बुंध्यात असते. गर्भात निकोटीन पोचलेलं असेल तर ते नेमकं तिथल्या पेशींच्या घडणीत ढवळाढवळ करतं. मग बाळ वरून छान दिसतं, वजनही बरं असतं, पण घंटा उशिरा वाजते किंवा वाजतच नाही. धूर आणि झोपेची जागा हे दोन वेगळे विषय नाहीत असं आम्ही म्हणतो ते यासाठी: एकाने जाग येणं मंदावतं, दुसऱ्याने जाग येण्याची गरज निर्माण होते. एकाच घरात दोन्ही भेटले की धोका नुसता जोडला जात नाही, तो कित्येक पटींनी वाढतो.

अमेरिकेत सुमारे दोन कोटी जन्मांच्या नोंदी तपासून २०१९मध्ये मांडलेला हिशेब असा होता की गरोदरपणात दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या आईच्या बाळाचाही अचानक मृत्यूचा धोका दुपटीवर जातो, आणि वीस सिगारेटींपर्यंत प्रत्येक सिगारेटीमागे तो चढत राहतो. 'आता कमी केलंय' याला मर्यादित अर्थ आहे, हे त्यातून दिसतं. आमच्या प्रशिक्षणांत यावर हमखास एक उत्तर येतं: 'आपल्या बायका कुठे सिगारेट ओढतात?' खरंच आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ४ टक्क्यांच्या आतच निघाले. पण धूर नसलेला तंबाखू वापरणारे २४ टक्क्यांच्या वर होते. बाळाच्या मेंदूत पोचतं ते निकोटीन, आणि ते हिरडीतूनही तितक्याच सुखाने रक्तात उतरतं. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या तंबाखूच्या पुडीचा, म्हणजे स्नुसचा, गरोदर बायकांमधला वापर तपासला गेला, तेव्हा तिथेही सिड्सचा धोका वाढलेलाच दिसला. धूर नाही, तरी धोका आहे.

त्यामुळे पहिली दुरुस्ती प्रश्नाच्या शब्दांत करावी लागेल. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईतो भाजून, कुटून, चाळून केलेली ती पूड दिवसातून चार-पाचदा बोटाने हिरड्यांवर फिरते आणि बराच वेळ तोंडात राहते. म्हणून विचारायचं असं: 'दात कशाने घासता? दिवसातून कितीदा? पोट साफ व्हायला सकाळी काही लागतं का?' आणि आणखी एक: 'मिश्री विकत आणता की घरी भाजता?' घरी भाजत असतील तर तो धूर तंबाखूचाच धूर आहे. तो बाळंतिणीच्या खोलीला लागून असलेल्या चुलीवर होत असेल तर मिश्री लावणारी सासू आहे की सून, याला बाळाच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही.

आईने मिश्री सोडलेली नसली तरी अंगावरचं दूध बंद करायला सांगू नका. हे मुद्दाम लिहितो, कारण अर्धवट ऐकून असा सल्ला दिला जातो. दुधात निकोटीन उतरतं हे खरं, पण निदान दोन महिने अंगावर पाजलेल्या बाळांमध्ये सिड्सचा धोका साधारण निम्मा असतो. पाजून झाल्यावर मिश्री, पुढच्या पाजण्यापर्यंत जास्तीत जास्त वेळ, आणि पाजण्याआधी चूळ भरून बोटं साबणाने धुणं, एवढं तरी तिच्याकडून होऊ शकतं. सोडायची तयारी असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय फोनसेवा आहे. तो नंबर भेटीच्या वहीत नको, तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये हवा.

आता धुराकडे. 'आमचे हे आत ओढत नाहीत, दारात उभे राहतात' किंवा 'ओढली की खिडकी उघडतो' ही दोन वाक्यं आशाताईंना रोज ऐकू येतात. त्यांना उत्तर द्यायला एक हिशेब सोबत असावा. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३० घनमीटर हवा असते. एक सिगारेट जळताना १० ते १४ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सुटतात. आपण १२ धरू. ते खोलीभर पसरले की दर घनमीटरमागे ४०० मायक्रोग्रॅम झाले. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी-दार लावलेल्या खोलीत तासाला जेमतेम अर्धी हवा बदलते. त्या वेगाने तासाभराने तिथे साधारण २४० उरतात, दोन तासांनी १५० आणि चार तासांनी ५५च्या आसपास. रात्री नऊला ओढलेल्या एका सिगारेटीची हवा रात्री एकला कुठे मर्यादेला टेकते. दुसरी मध्ये आली नाही तर.

खिडकी उघडली की वेळ कमी होतो, धूर शून्य होत नाही. दारात उभं राहून ओढली तर वाऱ्याची दिशा ठरवते धूर कुठे जायचा ते, आणि चाळीतल्या गॅलरीत बहुधा तो आतच येतो. 'बाहेर' म्हणजे दार ओढून घेऊन, उंबऱ्यापासून निदान आठ-दहा पावलं लांब. त्यानंतरही हात, तोंड धुणं, शर्ट काढून बाहेर टांगणं, आणि अर्धा तास बाळाला न उचलणं. ओढून झाल्यावरही काही वेळ श्वासातून कण येत राहतात, आणि दाढी, केस, शर्ट यांना चिकटलेलं निकोटीन बाळाच्या गालाला थेट लागतं. भिंतीला, पडद्याला, गोधडीला बसलेलं निकोटीन काही महिने टिकतं. ओढणाऱ्यांनी सोडून गेलेली घरं दोन महिने रिकामी ठेवूनही तिथे ते सापडलेलं आहे. म्हणून 'बाळ आल्यावर घरात ओढणार नाही' हा निश्चय उशिराचा आहे. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यापासूनच घरात ओढणं बंद, आणि बाळंतीण यायच्या आधी त्या खोलीतले पडदे, अभ्रे, गोधड्या गरम पाण्यात धुतलेल्या, भिंत पुसलेली, जमल्यास चुना मारलेला. घराला तसंही कुणीतरी रंग देणारच असतं, तर त्यात ही खोली पहिली असू द्या.

विडीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती विझते म्हणून ओढणाऱ्याला वारंवार झुरके घ्यावे लागतात आणि पुन्हापुन्हा पेटवावी लागते. आजोबा 'दोनच ओढतो' म्हणतात तेव्हा त्या दोन विड्या दुपारभर चालू असतात. आणि कायदा इथे मदतीला येत नाही. २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, घराला ती लागू नाही. हा प्रश्न आशाताईने आजोबांशीच बोलून सोडवायचा आहे. सुनेमार्फत निरोप पाठवून तो सुटत नाही, उलट तिच्यावर शेकतो.

तंबाखू सोडून इतर धूर. शेक-शेगडी, ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी, संध्याकाळचा ऊद, मच्छर अगरबत्ती. सिड्सशी जोडलेला ठोस पुरावा तंबाखूचा आहे, धुरीचा नाही, आणि आम्हाला तो फुगवून सांगायचा नाही. पण बंद खोलीतला जळणाचा धूर बाळांच्या न्यूमोनियाचं ठळक कारण आहे, आणि निखाऱ्यांच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाजेखाली शेगडी ठेवून दार लावून झोपणं हा आई आणि बाळ दोघांच्याही जिवाचा धोका आहे. शेक द्यायचाच तर अंगाला गरम कपड्याचा द्यावा, निखारे अंगणात तापवून कपडा आत आणावा. धुरी कपड्यांना द्यायची हौस असेल तर झबली बाहेर धरावीत आणि झटकून तासाभराने घालावीत. मच्छर अगरबत्तीची एक पूर्ण गुंडाळी जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सुटतात, असं मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झालं आहे. आईला ते थक्क करतं, आणि पर्याय स्वस्त आहे: आई-बाळ दोघांना पुरेल अशी मच्छरदाणी. बाळाची छत्रीसारखी घडीची जाळी वापरली तर तिची कापडी कड ताणलेली असावी, बाळाच्या तोंडावर लोंबू नये.

आता झोपेची जागा. इथे आपल्या घरांत बरंच काही बरोबर चाललेलं असतं, ते आधी मान्य करावं. जमिनीवर सतरंजी, वर दुहेरी गोधडी चोपून घातलेली, हा बाळासाठी कडक आणि सपाट बिछाना आहे. महागड्या मऊ गादीपेक्षा कितीतरी चांगला. कसं ओळखायचं? तळहात जोर देऊन दाबा आणि उचला. हाताचा ठसा उरला तर तो बिछाना फार मऊ. नव्याने पिंजलेल्या कापसाची गादी यात नापास होते. झोळ पडलेली बाज आणि सोफाही नापास.

साडीच्या झोळीला आमचा दिवसाउजेडी, नजरेसमोर, डुलकीपुरता विरोध नाही. रात्रीला आहे. झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते, आणि बाळाची श्वासनलिका इतकी मऊ असते की तेवढ्या वाकण्याने ती चिमटते. आवाज होत नाही, बाळ शांत झोपल्यासारखंच दिसतं. तपासणी सोपी: हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये एक बोट सहज गेलं पाहिजे. जात नसेल तर बाळ काढून सपाट ठेवा. पाळणा वापरायचा तर लाकडी फळीच्या तळाचा.

मोहरीची उशी हा प्रेमाचा विषय आहे, म्हणून जपून बोलावं लागतं. डोकं गोल व्हावं म्हणून ती ठेवतात. पण वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळाच्या बिछान्यात उशी नको, मोहरीची नको, कापसाचीही नको, दोन्ही बाजूंना लोड किंवा तक्के नकोत. डोकं चपटं होऊ नये यासाठी रोज डोकं-पायाची दिशा बदला. बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसलेलं असताना, त्याला थोडा थोडा वेळ पालथं घाला. मालीश करणाऱ्या बाई पायांवर पालथं घेतात ते नेमकं हेच काम करतं.

झोपताना मात्र उताणं, दर वेळी, दुपारीही. कुशीवर नको, कारण कुशीवरून पालथं व्हायला बाळाला फारसा जोर लागत नाही. इथे आजीबाईंची एक शंका शंभर टक्के येणार: 'उताणं ठेवलं तर गुळणी घशात जाईल.' यावर आशाताईने हात वापरून दाखवावं. एक हात श्वासनलिका, दुसरा अन्ननलिका. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढाव चढावा लागतो, म्हणून ते तोंडातून बाहेर येतं किंवा बाळ गिळतं. आता तोच हात उलटा करा: पालथं झाल्यावर अन्ननलिका वर आणि श्वासनलिका खाली, दुधाला उतार मिळाला. ही अर्ध्या मिनिटाची गोष्ट कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त पटते. न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिकेत १९९०च्या दशकात बाळांना उताणं झोपवा हे घरोघर सांगितलं गेलं तेव्हा असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, आणि घशात दूध जाऊन होणारे मृत्यू वाढले नाहीत. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंनी पालटायला लागलं की मग रात्री उठून त्याला परत परत उताणं करत बसायची गरज नाही, सुरुवात उताणं करून करायची एवढंच.

आईशेजारी झोपण्याबद्दल परदेशी सूचना जशीच्या तशी वाचून दाखवू नये. आपल्या एका खोलीच्या घरात 'बाळ वेगळं झोपवा' हे वाक्य ऐकून आई मान डोलावते आणि रात्री कुशीत घेते. खोली एकच असावी हे तर चांगलंच, निदान सहा महिने. प्रश्न अंथरुणाचा आहे, आणि तिथे प्रत्येक घराला एकच नियम लावून चालणार नाही. वेगळं अंथरूण सगळ्यांसाठीच जास्त सुरक्षित, पण काही घरांत त्यावर हटून बसायलाच हवं: आईने गरोदरपणात ओढलं किंवा मिश्री लावली असेल, अंथरुणातलं कुणीही ओढत असेल, कुणी दारू घेतलेली असेल, बाळ ३७ आठवड्यांच्या आधी झालं असेल किंवा वजन अडीच किलोच्या खाली असेल. या घरांत बाळ हाताच्या अंतरावर पण स्वतःच्या अंथरुणावर. भिंत आणि गादी यांच्या फटीतही नको. आणि ओढणारा बाप दुसऱ्या बाजूला झोपला तरी चालेल हा समज काढून टाकावा लागतो.

यावर न्यूझीलंडमधल्या माओरी समाजातलं एक उदाहरण आपल्या कामाचं आहे. तिथेही आई-बाळ एकत्र झोपण्याची रीत, आणि गरोदरपणात ओढण्याचं प्रमाण जास्त. 'एकत्र झोपू नका' हे सांगून काही बदलेना, तेव्हा २००६च्या सुमारास वाहाकुरा आली: हरकेके या वनस्पतीच्या पात्यांनी विणलेली सपाट तळाची बाळाची टोपली, जी आईच्या अंथरुणातच ठेवायची. बाळ जवळ, पण अंगाखाली नाही. आपल्याकडे बुरूड अशी बांबूची उथळ, सपाट पाटी सहज विणून देऊ शकतात. काठ वीतभर उंच, विणकाम मोकळं म्हणजे हवा खेळते, आत एकच पातळ, घट्ट बसणारी गोधडी, काठ आणि गोधडीत दोन बोटांहून जास्त फट नाही, सल टोचू नये म्हणून काठाला कापडी पट्टी. एखाद्या तालुक्यात ती करून पाहा, हा आमचा प्रस्ताव आहे.

ऊब आणि गुदमर यांत गल्लत होते, आणि ती आपल्याच प्रशिक्षणातून होते. पहिल्या दिवसांत, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला, टोपडं, मोजे, गुंडाळणं, छातीशी कांगारूसारखं धरणं हे सगळं बरोबर आहे. कांगारू काळजीत आई जागी, मागे रेललेली, बाळाचं तोंड एका बाजूला दिसणारं आणि नाक मोकळं असायला हवं. पण तेच टोपडं दोन महिन्यांच्या, चार किलोच्या बाळाला एप्रिलमध्ये घरात रात्रभर असतं, वर झबलं, दुपटं आणि गोधडी. बाळ उष्णता बाहेर टाकतं ते मुख्यतः डोक्यातून. पोटावर आणि मानेच्या मागे हात लावा: तिथे घाम किंवा चटका जाणवला तर एक थर काढा. हातपाय गार लागणं हे थंडीचं लक्षण नाही. पांघरूण द्यायचंच तर बाळाचे पाय अंथरुणाच्या खालच्या टोकाला आणा, पांघरूण छातीपर्यंत आणा आणि दोन्ही बाजूंनी अंथरुणाखाली खोचा, म्हणजे ते वर सरकत नाही. गुंडाळायचं तर कमरेखाली सैल, आणि बाळ कूस वळायचा प्रयत्न करू लागल्या दिवशी गुंडाळणं बंद.

हे सगळं एका घरात कसं बसतं ते पाहू. नमुन्याचं घर धरलं आहे, पण त्यातले अर्धे तपशील कुणालाही ओळखीचे वाटतील. बाळ २३०० ग्रॅमचं, दवाखान्यात झालेलं. आई मिश्री लावते. वडील बाहेर सिगारेट ओढतात. आजोबा पडवीत विडी. बाळंतिणीची खोली पडवीला लागून, खिडकी बंद, कोपऱ्यात शेगडी. बाळ आई आणि वडिलांच्या मध्ये, मोहरीच्या उशीवर.

तिसऱ्या दिवशीच्या भेटीत सगळं सांगायला गेलात तर काहीच होत नाही. त्या दिवशी दोनच गोष्टी, आणि त्या तिथल्या तिथे करवून घ्यायच्या: शेगडी उचलून अंगणात, आणि बाळ दोघांच्या मधून काढून आईच्या बाजूला स्वतःच्या घडीवर. बाळ कमी वजनाचं असल्याने ऊब दिवसा आईच्या छातीशी, हे दाखवून द्यायचं. सातव्या दिवशी, संध्याकाळी वडील असतील त्या वेळेला भेट धरायची. ओढायची जागा अंगणात पावलं मोजून ठरवायची, शर्टासाठी बाहेर खुंटी, हातासाठी साबण. चौदाव्या दिवशी आजोबांशी: विडी पडवीतून उठून बांधावर. पडवी आणि खोलीमधलं दार बाळ झोपलेलं असताना लावलेलं आणि उलट बाजूची खिडकी उघडी. एकविसाव्या दिवशी उशी आणि गुळणीची शंका, आजी समोर असताना. अठ्ठाविसाव्या दिवशी मिश्री, आईशी एकटीशी. बेचाळिसाव्या दिवशी काही नवं सांगायचं नाही, फक्त म्हणायचं, 'काल रात्री बाळ जसं झोपवलं होतं तसं आता झोपवून दाखवा.' सांगितलेलं आणि चाललेलं यांतला फरक या एका वाक्याने बाहेर येतो. एक फसगत ठरलेली: भेटीच्या दिवशी खोली झाडून ठेवलेली असते. खिडकीच्या चौकटीवर राख, पडद्याचा वास, उशीखालची काड्यापेटी, यांच्याकडे नजर असू द्यावी. पण बोलायचं त्यावर नाही, व्यवस्थेवर. झडती घेतल्यासारखं वाटलं की पुढच्या भेटीला दार अर्धंच उघडतं.

आता मागण्या. भेटीच्या नमुन्यात दोन ओळी वाढवाव्यात: 'बाळ कुठे, कोणासोबत आणि कसं झोपलेलं दिसलं' आणि 'घरात तंबाखू कोण, कोणता, कुठे वापरतं'. यांची उत्तरं हो-नाहीच्या चौकटीत नकोत, शब्दांत हवीत. बेचाळीस दिवस ते तीन महिने ही फट भरायला नवी भेट मागत नाही, आशाताईंच्या माथी आधीच पुरेसं आहे आणि मानधन तेवढंच आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाला आई येतेच, आणि लसीनंतर अर्धा तास थांबते. त्या अर्ध्या तासात एक सपाट घडी आणि एक कापडी बाहुली घेऊन झोपवणं करून घेता येतं.

आणि जिथे मृत्यू झालाच, तिथे बालमृत्यू अन्वेषणात हे स्पष्ट विचारलं जावं: शेवटचं जिवंत कधी पाहिलं, कशा स्थितीत ठेवलं होतं आणि कशा स्थितीत सापडलं, अंथरूण कशाचं, तोंडावर काही होतं का, शेजारी कोण, त्या रात्री खोलीत काय जळत होतं, आईचा गरोदरपणातला तंबाखू. हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात, आणि आईवर बोट न ठेवता. 'तुम्ही कसं झोपवलं?' असं विचारलं तर ती पुढे काही बोलत नाही. 'बाळ कसं झोपलं होतं?' असं विचारलं तर बोलते.

आपले,
नवजात बालकांच्या आरोग्यावर काम करणारे काही डॉक्टर आणि आशा प्रशिक्षक